‘गॉश’, ‘डार्न’ आणि आपलं ‘च्यायला’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात नौपाड्यात राहते आणि इंग्रजी मालिकांचे संवाद मराठी उपशीर्षकांत आणण्याचं काम करते. या कामात रोज अडवणारे शब्द मोठाले नसतात. ‘गॉश’, ‘डार्न’, ‘हेक’ असे एका श्वासाचे असतात. नवीन येणारे भाषांतरकार त्यांच्याबद्दल विचारतात, इमारतीतले आईबाप मुलांच्या तोंडच्या ‘आयला’बद्दल विचारतात, आणि एकदा विषय निघाला की प्रत्येकाला आपल्या आजीचा एखादा शब्द आठवतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

‘गॉश’ आणि ‘डार्न’ या शिव्या आहेत का?

शिव्या नाहीत, पण शिवीच्या जागी उभे राहिलेले शब्द आहेत. ‘गॉश’ हा ‘गॉड’च्या जागी येतो. ‘डार्न’ हा ‘डॅम’च्या जागी येतो, आणि ‘डॅम’ म्हणजे देवाने नरकात धाडावं असा शाप. नरकासाठीचा ‘हेल’ नरम होऊन ‘हेक’ होतो. ‘जी’ किंवा ‘जीझ’ हा येशूच्या नावाचा पहिला तुकडा. विष्ठेवरून असलेल्या शिवीचा ‘शूट’ होतो.

इंग्रजीत या प्रकाराला ‘मिन्स्ड ओथ’ म्हणतात. मिन्स करणं म्हणजे बारीक चिरणं, खिम्यासारखं. ‘ओथ’ या शब्दाला मात्र दोन अर्थ आहेत, शपथ आणि शिवी. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे आपल्याला त्यांचं नातं चटकन दिसत नाही. देवाची शपथ उगाच, रागात, क्षुल्लक कारणाला घेतली की तीच शिवी झाली, असा तो युरोपातला हिशोब आहे. मी पुढे सोयीसाठी ‘नरम शिवी’ असं म्हणते.

शब्द बदलायचाच आहे, तर अगदी वेगळा का घेत नाहीत? ‘गॉश’मध्ये ‘गॉ’ का राहतो?

सगळी गंमत त्या ‘गॉ’मध्येच आहे. शिवी ही ठरवून दिली जात नाही, ती निसटते. बोट दारात सापडतं, जीभ ‘गॉ’पर्यंत पोचलेली असते, आणि तेवढ्यात समोर सासरे बसलेले दिसतात. सुरू झालेला शब्द परत घेता येत नाही, पण त्याची शेपटी वळवता येते. ‘डॅम’चा ‘डँग’ होतो तेव्हा आधीचा ‘डॅ’ जसाच्या तसा असतो, फक्त शेवटचा अनुनासिक आवाज ओठांवरून घशाकडे सरकतो. ‘शूट’मध्ये तर पहिलं आणि शेवटचं व्यंजन दोन्ही मूळचीच आहेत, मधला स्वर तेवढा बदलला आहे.

दुसरं कारण ऐकणाऱ्याच्या बाजूचं आहे. शिवीचं काम व्हायला हवं, म्हणजे वैताग पोचायला हवा. पहिला आवाज राहिला की समोरच्याला कळतं, ‘हा काय म्हणणार होता’, आणि त्याच क्षणी हेही कळतं की त्याने ते म्हटलं नाही. दोन्ही गोष्टी एकदम पोचवणं हे त्या अर्ध्या शब्दाचं काम. अगदीच वेगळा शब्द घेतला, तर यातली पहिली गोष्ट हरवते.

इंग्रजीत देवाला धरून नरम शब्द आहेत. मराठीत का नाहीत?

कारण मराठीत गरजच पडली नाही. बायबलच्या दहा आज्ञांत परमेश्वराचं नाव व्यर्थ घेऊ नये अशी स्पष्ट आज्ञा आहे. त्यामुळे ख्रिस्ती युरोपात दचकून देवाचं नाव तोंडातून निघणं हेच पाप. आपल्याकडे उलट आहे. ठेच लागली की ‘अरे देवा’, दमून बसलो की ‘राम राम राम’, कुणी भयंकर बातमी दिली की ‘शिव शिव’. नाव निघालं तर पुण्यच पदरी पडतं, मग ‘देवा’चा ‘देशा’ कोण करणार?

जिथे मनाई असते तिथेच नरम रूप जन्माला येतं. आपली मनाई आईवर आणि बहिणीवर आहे. म्हणून मराठीतल्या नरम शिव्यांच्या तळाशी पाहिलं तर बहुतेक वेळा आई सापडते.

‘च्यायला’ कुठून आला?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, म्हणून सावकाश सांगते.

‘च्यायला’ सोडवून लिहिला तर ‘-च्या आयला’ असा होतो. ‘आय’ म्हणजे आई. ‘ला’ हा विभक्तीचा प्रत्यय. दोन ‘आ’ शेजारी आले की बोलताना ते एक होतात, म्हणून ‘च्या’ आणि ‘आयला’ मिळून ‘च्यायला’. आता व्याकरणाच्या तासाला विचारतात तसा प्रश्न विचारा. आईला काय? ‘आईला सांगितलं’, ‘आईला बोलावलं’, असं काहीतरी क्रियापद हवं. इथे क्रियापद नाही. ते होतं, आणि शिवीचा सगळा दाह त्या क्रियापदातच होता. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी नेमकं तेच गाळलं. आज ‘ला’ हा प्रत्यय वाक्याच्या शेवटी लोंबकळत उभा आहे, पुढे काही येणार असल्यासारखा, आणि पुढे काही येत नाही.

आता सुरुवातीकडे या. ‘च्या’च्या आधी काय होतं? बरेच जण चटकन म्हणतात, ‘तुझ्या’. पण ‘तुझ्या’मध्ये ‘झ्या’ आहे, ‘च्या’ नाही. ‘च्या’ येतो तो ‘त्याच्या’ किंवा ‘तिच्या’मधून. म्हणजे हा शब्द मुळात समोरच्याला उद्देशून नाहीच, तो तिसऱ्या कुणाच्यातरी नावाने आहे. ‘तिच्यायला’ हे पूर्ण रूप अजून कानावर येतंच. मला वाटतं, हा शब्द इतका सहज नरम झाला तो याचमुळे. ‘तुझ्या’ने सुरू होणारं वाक्य समोरच्याच्या अंगावर जातं आणि मारामारी होते. ‘तिच्या’ने सुरू झालेलं हवेत जातं. ठाणे स्टेशनात डोळ्यांदेखत लोकल सुटली आणि कुणी ‘च्यायला’ म्हणाला, तर फलाटावरच्या एकाही माणसाला ते आपल्याला म्हटलं असं वाटत नाही.

म्हणजे पायऱ्या अशा झाल्या. आधी क्रियापद गेलं. मग ‘त्या’ किंवा ‘ति’ गेला आणि ‘च्यायला’ उरला. मग ‘च्या’ही गेला आणि ‘आयला’ उरला. ‘आयला’चा उच्चार लांबवून, आश्चर्याने, डोळे विस्फारून केला की तो ‘ऐला’ होतो, आणि त्यात रागाचा अंशही राहत नाही. मुलाने पहिल्यांदा पाम बीच रोडवरून खाडीतले फ्लेमिंगो पाहिले आणि ‘ऐला!’ म्हणाला, तर त्यात कुणाची आई आहे असं त्याच्या स्वप्नातही येत नाही.

एक बारीक खूण आणखी आहे. शहरी प्रमाण मराठीत आपण ‘आईला सांग’ म्हणतो, ‘आयला सांग’ म्हणत नाही. उद्गारातलं ‘आयला’ जुन्या रूपात गोठून राहिलं आणि जिवंत ‘आईला’ वेगळं राहिलं. ही फारकत झाली नसती, तर शब्द इतका मोकळेपणाने वापरता आला नसता.

माझी आजी ‘हात्तिच्या’ म्हणायची. तीही शिवी होती का?

आजीला दोष देऊ नका, पण हो, मूळ तेच आहे. ‘हात्’ म्हणजे हाकलण्याचा, झिडकारण्याचा आवाज. पुढे ‘तिच्या’. आणि इथे वाक्य तोडलं आहे.

आता ‘हात्तिच्या’ आणि ‘आयला’ शेजारी ठेवून पाहा. ‘तिच्या आयला’ या एका जोडीचा पहिला अर्धा भाग आजीकडे गेला आणि दुसरा अर्धा नातवाकडे. आजीने ‘तिच्या’ ठेवून आई गाळली, नातवाने आई ठेवून ‘तिच्या’ गाळलं. दोघांनाही दुसऱ्याचा शब्द वेगळा वाटतो. हात्तिच्यात आईचं नाव उच्चारलंच जात नाही, म्हणून तो अधिक सोवळा राहिला आणि घरात, मुलांच्या गोष्टीत, कुठेही चालला. कोडं सुटल्यावर ‘हात्तिच्या, एवढंच होय!’ म्हणताना तर रागसुद्धा नसतो.

आणि ‘शिंच्या’?

‘शिंच्या’ हा ‘शिंदळीच्या’चा आखडलेला शब्द आहे. शिंदळ म्हणजे व्यभिचारी बाई, आणि शिंदळीचा म्हणजे तिचा मुलगा. इथे कात्री वेगळ्या जागी चालली आहे. पहिला ‘शिं’ राहिला, शेवटचा ‘च्या’ राहिला, आणि ज्या अक्षरांतून अर्थ कळत होता ती मधली उचलली.

ती मधली अक्षरं गेल्यावर शब्द इतका मोकळा झाला की कोकणातल्या घरांत म्हातारी माणसं तो पावसालाही लावतात. ‘शिंचा पाऊस थांबायला तयार नाही.’ पावसाला आई नसते, तिच्या चारित्र्याचा प्रश्न येत नाही. अर्थ पूर्ण गेल्याची ही सगळ्यात पक्की खूण आहे: शब्द निर्जीव गोष्टीला लागू लागतो. लेकराला ‘अरे शिंच्या, जेवलास का?’ म्हणणाऱ्या आजोबांना मूळ शब्द सांगितला तर ते दचकतील. मी एकदा ओळखीच्या एका आजोबांना सांगितला आणि नंतर मला वाईट वाटलं. ते तो शब्द पुन्हा माझ्यासमोर बोलले नाहीत.

‘भेंडी’ का म्हणतात? भाजीचा काय संबंध?

भाजीचा काहीच संबंध नाही, आणि म्हणूनच ती निवडली गेली. बहिणीवरून असलेल्या शिवीचा पहिला आवाज ‘भें’ आहे. जीभ तिथवर गेली की तिला सोज्वळ जागी उतरवायला ‘भेंडी’ तयार असते. ही रीत ‘गॉश’च्या अगदी जवळची आहे, फरक इतकाच की ‘गॉश’ला स्वतःचा अर्थ नाही आणि भेंडी बाजारात मिळते.

ही भाजी निवडण्याची खोड आपल्या एकट्यांची नाही. इटालियन माणूस पुरुषाच्या अवयवावरून असलेली शिवी सुरू करतो आणि ‘कावोलो’वर उतरतो. कावोलो म्हणजे कोबी. रशियन माणूस ‘ब्लिन’ म्हणतो, म्हणजे आपल्या घावनासारखा पातळ पदार्थ, कारण वेश्येसाठीचा त्यांचा शिवीशब्द ‘ब्ल’नेच सुरू होतो. पोलिश भाषेत त्याच अर्थाच्या शिवीचा आरंभ ‘कुर’ आहे, म्हणून ते ‘कुर्चें’ म्हणतात, कोंबडीचं पिल्लू. स्पॅनिश माणूस विष्ठेच्या शब्दाऐवजी ‘मिएर्कोलेस’ म्हणतो. त्याचा अर्थ बुधवार. कोबी, घावन, पिल्लू, बुधवार, भेंडी. जितकी वस्तू घरगुती आणि निरुपद्रवी, तितका बचाव पक्का: ‘मी तर भाजीचं नाव घेतलं!’

म्हणजे सगळ्या भाषांत रीत एकच?

नाही. पहिला आवाज ठेवून शेपटी बदलणं ही सर्वांत जास्त दिसणारी रीत आहे, पण एकमेव नाही. जुन्या फ्रेंचमध्ये उलट होतं. ‘पार दियो’, म्हणजे देवाशपथ, याचा ‘पारब्लो’ झाला. ‘मॉर द दियो’, म्हणजे देवाचा मृत्यू, याचा ‘मॉरब्लो’ झाला. ‘साक्रब्लो’ त्याच घरातला. ब्लो म्हणजे निळा रंग. निळ्याचा देवाशी संबंध नाही, फक्त ‘दियो’ आणि ‘ब्लो’ यांचा शेवटचा स्वर जुळतो. इथे वाक्याची सुरुवात अख्खी राहिली आणि देवाच्या जागी यमक बसलं. चौथा हेन्री हा फ्रान्सचा राजा ‘मी देवाला नाकारतो’ अशा अर्थाची ‘जार्निदियो’ ही शपथ घालायचा, तेव्हा त्याचे धर्मगुरू पिएर कोतों यांनी देवाऐवजी माझं नाव घाला असं सुचवलं आणि ‘जार्निकोतों’ जन्माला आला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी, पण शब्द खरा आहे.

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये लोक चर्चमधल्या वस्तूंवरून शिव्या देतात. पवित्र पोळी ठेवायच्या पेटीवरून ‘ताबार्नाक’ ही जबर शिवी आहे. तिचं नरम रूप ‘ताबार्नूश’ किंवा ‘ताबारवेत’. मराठी मात्र मुख्यतः बदलत नाही, कापते. सुरुवात, मध्य किंवा शेवट. आपल्या वाक्यात जड भाग बहुतेक वेळा शेवटच्या क्रियापदात असतो, त्यामुळे वाक्य अर्धवट सोडलं तरी काम भागतं. हिंदीत ‘अबे तेरी तो…’ एवढंच म्हणून थांबतात, तेही याच जातीचं.

हे शब्द कायद्याच्या भीतीने तयार झाले का?

मुख्यतः नाही, घरच्या आणि देवळाच्या धाकाने झाले. पण कायद्याने त्यांच्यावर काय केलं याचा एक सुंदर पुरावा आहे. इंग्लंडमध्ये 1606 साली रंगभूमीसाठी कायदा झाला. नाटकात देवाचं किंवा येशूचं नाव थट्टेने वा अनादराने घेतलं तर दर गुन्ह्याला 10 पौंड दंड. त्या काळात ही रक्कम जबर होती.

शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ 1622 साली सुटं छापलं गेलं, आणि 1623 साली त्याच्या नाटकांच्या मोठ्या एकत्रित ग्रंथात पुन्हा आलं. 1622 च्या प्रतीत पहिल्याच प्रवेशात इआगो ‘स्ब्लड’ म्हणतो. ‘गॉड्स ब्लड’, देवाचं रक्त, यातला देव कापून उरलेला शब्द. 1623 च्या ग्रंथात तो गायब आहे. ‘झाउंड्ज’, म्हणजे ‘गॉड्स वूंड्ज’ किंवा देवाच्या जखमा, हाही त्या नाटकातून काढला गेला. लक्षात घ्या, हे शब्द आधीच नरम केलेले होते. देवाचं नाव त्यांत अख्खं नव्हतंच. तरी ते काढले, कारण ऐकणाऱ्यांना मूळ शब्द अजून ऐकू येत होता. आज इंग्रजी वाचकाला ‘झाउंड्ज’ हा फक्त जुनाट, मजेशीर शब्द वाटतो. शब्द नरम आहे की नाही हे तो किती कापला यावर ठरत नाही, तर ऐकणाऱ्याला उरलेल्या भागातून काय ऐकू येतं यावर ठरतं.

एखादा शब्द खरंच नरम शिवी आहे की ती नुसती दंतकथा, हे कसं ओळखायचं?

मी तीन गोष्टी पाहते. मूळ म्हणून सांगितला जाणारा कडक शब्द खरंच वापरात होता का? दोघांत आवाजाचा दुवा आहे का? आणि दोघे वाक्यात एकाच जागी बसतात का? ही तिसरी कसोटी लोक विसरतात, आणि तीच सगळ्यात उपयोगी आहे.

इंग्रजीतला ‘ब्लडी’ घ्या. तो ‘बाय अवर लेडी’, म्हणजे ‘माता मेरीची शपथ’, यावरून आला असं खूप ठिकाणी छातीठोकपणे सांगतात. आवाज जुळतात. पण ‘बाय अवर लेडी’ हा सुटा उद्गार आहे, आणि ‘ब्लडी’ हा दुसऱ्या शब्दाला चिकटणारा, त्याचा जोर वाढवणारा शब्द आहे. सतराव्या शतकातल्या जुन्या वापरातही तो ‘ब्लडी ड्रंक’, म्हणजे भयंकर झिंगलेला, असाच येतो. शिवाय त्या शपथेचं स्वतःचं आखडलेलं रूप ‘बर्लेडी’ वेगळं होतंच. जागा जुळत नाही, म्हणून ही कथा मी मानत नाही.

मराठीत ‘अय्या’, ‘इश्श’, ‘आई गं’ यांनाही कुणी कुणी याच यादीत टाकतात. ते चूक आहे. ‘आई गं’ ही दुखल्यावरची हाक आहे, तिच्या मागे गाळलेलं काही नाही. ‘आयला’मधला अडकलेला ‘ला’ इथे नाही. प्रत्यय एकटा लोंबत असेल तरच काहीतरी कापलं गेलं आहे.

‘डार्न’चं मराठी काय करायचं?

नवीन भाषांतरकार सरळ ‘च्यायला’ लिहितात. मीही सुरुवातीला लिहिलं होतं. एका बालमालिकेत आठ वर्षांची मुलगी हत्ती पाहून ‘गॉश’ म्हणत होती आणि मी तिच्या तोंडी ‘आयला’ घातलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल खूण केली आणि त्या बरोबर होत्या. ‘गॉश’ त्या मुलीच्या आजीसमोर चालतो, ‘आयला’ प्रत्येक घरात चालत नाही. तिथे ‘बापरे, केवढा मोठा!’ हवं होतं.

आता एक प्रसंग घेऊ. अमेरिकेतल्या लहान गावातली, दर रविवारी चर्चला जाणारी म्हातारी. ओव्हनमधला केक करपतो. ती म्हणते, ‘ओह डार्न! दॅट डार्न ओव्हन.’ एका मुलाने लिहिलं, ‘च्यायला! साला ओव्हन.’ अर्थ पोचला, पण म्हातारी पुसली गेली आणि तिच्या जागी वागळे इस्टेटमधला फिटर उभा राहिला. इथे ‘डार्न’ दोन वेगळ्या जागी आला आहे, हे आधी पाहायचं. पहिला सुटा उद्गार आहे. दुसरा ओव्हनचं विशेषण आहे. उद्गारासाठी मराठीत तिच्या वयाचा शब्द आहे, ‘अगंबाई’. आणि विशेषणासाठी आपल्या बायकांच्या बोलीत अप्रतिम शब्द आहे: ‘मेला’. ‘मेलं दूध उतू गेलं’, ‘मेली लिफ्ट बंद पडली’. ‘डॅम्ड’ म्हणजे नरकात गेलेला, ‘मेला’ म्हणजे मरण पावलेला. दोन्ही मुळात शाप, दोन्हींची धार गेलेली, दोन्ही वस्तूंना चालतात. आम्ही शेवटी लिहिलं, ‘अगंबाई! जळला मेला ओव्हन.’

सगळ्यात अवघड जागा ती, जिथे कथेतच शब्द वळवला जातो. विद्यार्थी ‘शि…’ म्हणतो, दारात शिक्षक दिसतात, आणि तो ‘…शूट’वर उतरतो. मराठीत ‘शी’ म्हणून चालत नाही, तो किळसेचा शब्द आहे. इथे एकच पहिला आवाज असलेली मराठी जोडी शोधावी लागते. आमच्यातल्या एकीने सुचवलं, ‘च्याय… च्या घेणार का, सर?’ बोलीत चहाला ‘च्या’ म्हणतातच. जीभ निसटली, वळली आणि चहावर उतरली. उपशीर्षकात ते छान बसलं. डबिंगला बसलं नसतं, कारण तिथे ओठांच्या हालचालीशी जुळवावं लागतं आणि ‘शूट’ला ओठ पुढे येतात.

मुलगा घरी ‘आयला’ म्हणतो. त्याला रागवावं का?

मी एवढंच सांगेन, की तो कुठे म्हणतो ते पाहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या जुन्या गावांत, आगरी घरांत आईला आजही ‘आय’ म्हणतात. नौपाड्यातल्या मुलासाठी ‘आय’ हा मेलेला शब्द आहे, म्हणून ‘आयला’ त्याला पोकळ वाटतो. घणसोलीतल्या मित्राच्या घरी ‘आय’ स्वयंपाकघरात उभी असते. तिच्या कानाला त्यातली आई ऐकू येते. तोच शब्द, ट्रान्सहार्बर लाईनवर काही स्टेशनं पुढे गेल्यावर पुन्हा टोचू लागतो. मुलाला हे कारणासकट सांगितलं तर तो लक्षात ठेवतो. नुसतं ‘घाण शब्द आहे’ म्हटलं तर त्याला पटत नाही, कारण त्याला त्यात घाण दिसत नाही.

मुलं शिवीची नुसती इंग्रजी आद्याक्षरं म्हणतात, तेही नरमच ना?

लिहिताना थोडंसं. बोलताना फारसं नाही, कारण ऐकणारा ती अक्षरं मनात पूर्ण उलगडतो. ‘भेंडी’ने दुसरीकडे उतरायला जागा दिली होती, आद्याक्षरं तशी देत नाहीत.

‘बांगडी फुटली’ऐवजी ‘वाढवली’ म्हणतो, तेही हेच का?

कुटुंब तेच, घर वेगळं. बांगडी वाढवणं, कुंकू वाढवणं, दिवा मालवणं, ‘जातो’ऐवजी ‘येतो’ म्हणणं, रात्री सापाला ‘लांबडं’ म्हणणं, यांत अशुभ शब्द टाळला आहे, पण आवाजाने त्याची आठवण ठेवलेली नाही. ‘वाढवणं’ ऐकून ‘फुटणं’ कानात वाजत नाही. नरम शिवीत मूळ शब्द वाजलाच पाहिजे.

या दोन्हींच्या मधली एक रीत दक्षिण आफ्रिकेत आहे. खोसा आणि झुलू समाजात लग्न झालेल्या बाईने सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, इतकंच नाही, तर त्या नावातली अक्षरं ज्या रोजच्या शब्दांत येतात तेही टाळायचे किंवा त्यांतलं व्यंजन बदलून बोलायचे. याला ‘ह्लोनिफा’ म्हणतात. आपल्याकडे नवऱ्याचं नाव न घेण्यापुरतीच बंदी थांबली आणि तिने उखाणा दिला.

‘आईशप्पथ’ आणि ‘आईच्यान’ यांचं काय?

या शिव्या नाहीत, या खऱ्या शपथा आहेत, म्हणजे ‘ओथ’चा दुसरा अर्थ. ‘आईच्यान’ सोडवला तर ‘आईच्या आणेनं’ असा होतो. आण म्हणजे शपथ, ‘गळ्याची आण’मधली. ‘देवाच्यान’ तसाच. इथेही ‘च्या’ला पुढचा ‘आ’ चिकटला आणि शेवट झडला, अगदी ‘च्यायला’सारखाच. लहानपणी तलावपाळीवर खेळताना आम्ही एका दमात दोन्ही म्हणायचो: गोटी हरवली की ‘च्यायला’, आणि ती मी घेतली नाही हे पटवायला ‘आईच्यान’. पहिल्यातली आई आम्हाला कधी ऐकू आली नाही. दुसऱ्यातली मात्र इतकी स्पष्ट ऐकू यायची, की खोटं बोलणारा ‘आईच्यान’ म्हणताना पाठीमागे बोटांची फुली करून ठेवायचा.